पहिलं काम तिथे शोध, जिथे ते कुणीतरी वाचणार आहे

*ताई, मी साखळीची. गोवा विद्यापीठातून मराठीत एम. ए. केलं, घरी कोंकणी बोलतो. दोन वर्षं शिकवण्या घेते. आता इंग्रजीतून मराठी आणि कोंकणी भाषांतराचं काम घरून करायचं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. मैत्रीण म्हणते अपवर्क नाहीतर फायवर, तिथे सगळं जग येतं. कॉलेजातले सर म्हणाले, भाषांतरकारांची वेगळी संकेतस्थळं असतात, तिथे जा. आईचं म्हणणं, नोकरीच्या जाहिराती बघ, महिन्याला पगार तरी येईल. तिन्हीकडे खाती उघडून बसलेय आणि कुठेच काही हलत नाही. एकच निवडायचं तर कुठलं?*
*— साखळीची एक वाचक*

भाषांतरकारांच्या संकेतस्थळापासून सुरुवात कर, म्हणजे प्रोझ डॉट कॉमपासून. नोकरीच्या जाहिरातींना आठवड्यातली एक सकाळ दे. अपवर्क-फायवरची खाती आहेत तशी राहू देत, पण पहिले तीन-चार महिने तिथे पैसे घालू नकोस. हे उत्तर तुझ्या कामापुरतं आहे. तू लोगो काढणारी असतीस तर मी तुला थेट फायवरवर पाठवलं असतं.

लोगो गिऱ्हाइकाला दिसतो. आवडला की नाही हे त्याला पाच सेकंदांत कळतं आणि तो देतो ते तारे खरे असतात. भाषांतराचं तसं नाही. परदेशातल्या ज्या दुकानदाराला आपलं माहितीपत्रक मराठीत हवंय, त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच तर तो माणूस शोधतोय. तू वेळेवर फाइल पाठवलीस, नीट बोललीस, की तो पाच तारे देणार. आत काय लिहिलंय ते त्याला कधीच कळणार नाही, आणि तुझी चूक तुलाही कळणार नाही. नवख्या भाषांतरकाराला सगळ्यात जास्त गरज असते ती लाल शाईची. म्हणून कुठली जागा मोठी, कुठे कामं जास्त, हे नंतर बघू. आधी बघायचं ते हे, की तुझं काम तिथे कोण वाचणार आहे.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. पहिल्या वर्षी अपवर्क-फायवरसारख्या एका सर्वसाधारण बाजारपेठेवर मला नऊशे शब्दांचं आरोग्यपत्रक मिळालं. मागणी एका ओळीची होती: इंग्रजीतून कोंकणी. मी फोंड्याची, शाळेपासून देवनागरीत कोंकणी वाचलेली. दोन दिवस बसून मन लावून काम केलं, पाच तारे मिळाले. दोन महिन्यांनी निरोप आला की पत्रक मंगळुरूच्या लोकांसाठी होतं, तिथे कोंकणी कन्नड लिपीत वाचतात आणि माझे कितीतरी शब्द त्यांच्या बोलीतले नाहीत. छापलेला सगळा गठ्ठा वाया गेला होता. मी पैसे परत केले. त्या माणसाला कोंकणीच्या लिपी किती हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असूनही मी विचारलं नव्हतं. मधे तिसरं माणूस नव्हतंच. भाषांतर एजन्सीतली प्रोजेक्ट मॅनेजर असती तर काम देण्याआधीच तिने विचारलं असतं: देवनागरी, रोमी की कन्नड?

ही एजन्सीवाली माणसं प्रोझवर येतात, त्यासाठीच तुला तिथे जायला सांगतेय. पण सरांनी म्हटलेल्या 'वेगळ्या संकेतस्थळां'मध्ये दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. काहींच्या दारावर पहारा असतो. टॉपटल हे त्यातलं नावाजलेलं. सॉफ्टवेअर, डिझाइन, फायनान्स अशा क्षेत्रांतली माणसं तिथे घेतात, आणि भाषेची चाचणी, कौशल्याची चाचणी, समोरासमोर मुलाखत, मग नमुन्याचं काम अशा पायऱ्या चढाव्या लागतात. अर्ज करणाऱ्यांतले वरचे तीन टक्केच आम्ही घेतो असं ते स्वतः सांगतात. नवख्याने तिथे जाऊन नकार घेण्यात काही हशील नाही. दुसरा प्रकार उघड्या दाराचा. 1999 साली सुरू झालेलं प्रोझ या प्रकारात मोडतं. कुणीही फुकट नोंद करू शकतं. चाचणी तिथेही असते, पण ती संकेतस्थळ घेत नाही, काम देणारी एजन्सी घेते. टॉपटलसारख्यांबद्दल ऐकून 'वेगळी संकेतस्थळं अनुभवी लोकांसाठी' असं तुझं झालं असेल, तर ते या दुसऱ्या प्रकाराला लागू नाही.

प्रोझवरचं काम कसं येतं ते सांगते. तिथे एजन्सी माणूस शोधते तो भाषाजोडीने. आधी 'इंग्रजी ते कोंकणी', मग विषय. इंग्रजी ते मराठी या जोडीत तुझ्यापुढे लांबलचक रांग असेल. कोंकणीत ती खूप आखूड आहे. म्हणून पहिली जोडी कोंकणी लाव, दुसरी मराठी. मराठी तुझी पदवीची भाषा आहे हे मला माहीत आहे आणि पुढे जास्त काम तीच देईल, पण दार कोंकणी उघडेल. यादीत नाव वर येतं ते कुडोझच्या गुणांवर. कुणी एखाद्या शब्दाला प्रतिशब्द विचारतं, तू उत्तर देतेस, विचारणाऱ्याला पटलं तर गुण मिळतात. जिथे माणसं थोडी, तिथे थोड्या गुणांवरही नाव वर सरकतं. रोज पंधरा मिनिटं त्याला दे, जास्त नको.

प्रोफाइलमध्ये नमुने तीन घाल, प्रत्येकी अडीचशे शब्दांचे. कविता नको. एक औषधाच्या माहितीपत्रकासारखा, एक बँकेच्या किंवा सरकारी सूचनेसारखा, एक ॲपच्या बटणांचा आणि संदेशांचा. एजन्सीकडे भारतीय भाषांत येणारं काम बहुतेक याच जातीचं असतं. 'साहित्याची आवड' हे शब्द काढून टाक आणि विषय लिही. शिकवण्या घेतेस, तर शालेय साहित्य हा तुझा विषय झालाच. शीर्षकाची ओळ अशी ठेव:

```
English > Konkani (Devanagari), Marathi | Education, Health | Goa, India
```

लिपी कंसात लिहिलीस एवढ्यानेच समोरच्या मॅनेजरला कळतं की या बाईला कामाची जाण आहे.

आता समजा आठवडाभराने मेल आला. आधी वीस-पंचवीस ओळींची, म्हणजे दोनशे-तीनशे शब्दांची चाचणी येईल. ती फुकट करायची, हा या धंद्याचा रिवाज आहे. हजार शब्दांची 'चाचणी' मागितली तर मात्र नाही म्हण. ते फुकटात काढून घेतलेलं कामच असतं. चाचणी पास झालीस की गोपनीयतेचा करार, दर, आणि मग पहिलं काम. मेलमध्ये एकूण शब्द 1,850 लिहिलेले असतील आणि तू मनात 1,850 गुणिले दर करशील. तिथे थांब. खाली एक तक्ता असतो. जी वाक्यं फाइलमध्ये पुन्हा जशीच्या तशी येतात त्यांना पूर्ण दर मिळत नाही, आणि जी आधी कधी झालेल्या भाषांतराशी जुळतात त्यांनाही नाही. समजा 400 शब्द पुनरावृत्तीचे, त्यांना 30 टक्के. 350 शब्द अर्धवट जुळणारे, त्यांना 60 टक्के. उरले 1,100, त्यांना पूर्ण. म्हणजे 1,100 अधिक 210 अधिक 120, एकूण 1,430 शब्दांचे पैसे. दर शब्दाला तीन सेंट ठरला असेल तर जवळजवळ 43 डॉलर, 55 नव्हे. यात फसवणूक नाही, जगभर हीच पद्धत आहे. पण टक्के एजन्सीगणिक बदलतात, म्हणून दर ठरवतानाच हा तक्ता मागून घे.

वेळही नीट वाच. 'गुरुवार संध्याकाळी 6, सीईटी', म्हणजे मध्य युरोपची वेळ, असं असेल तर हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात, त्यांची घड्याळं पुढे गेल्यावर, साडेनऊ. पावसात वीज जाते हे त्यांना ठाऊक नसतं. मी तर साडेदहाचं काम नेहमी सहा वाजता पाठवते.

आणि मग येते ती लाल शाई. तुझी फाइल दुसऱ्या भाषांतरकाराकडे तपासायला जाते आणि बदल दिसतील अशी परत येते. 'कृपया आपले खाते सत्यापित करा' असं तू लिहिलेलं असतं, तिने 'तुमचं खातं तपासून घ्या' केलेलं असतं, आणि बाजूला शेरा असतो की सूचना बोलल्यासारखी हवी, शब्दसूचीतला शब्द वापरा. पहिल्यांदा वाईट वाटेल. एका वहीत असे शेरे लिहून ठेव. तीन महिन्यांत ती वही तुझ्या एम. ए.च्या नोट्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि बाजारपेठेवर ही वही तुला कुणीही देणार नाही.

प्रोझची उणीव मोठी आहे, तीही सांगते. पैशाच्या व्यवहारात संकेतस्थळ मधे पडत नाही. तुझं बिल, त्यांची एजन्सी, आणि तीस, पंचेचाळीस, कधी साठ दिवसांची वाट. बुडवले तर बुडवले. यावर तिथे ब्लू बोर्ड नावाची सोय आहे: एजन्सीबरोबर काम केलेली माणसं 'पुन्हा काम कराल का?' याला 1 ते 5 गुण देतात. सगळे शेरे मोकळेपणी बघायला पैसे भरून सभासद व्हावं लागतं. पहिल्या दिवशी सभासद होऊ नकोस. पहिली चाचणी पास झालीस की हो, त्या क्षणी ते पैसे खरंच कामाचे. शेरे वाचताना सरासरी बघू नकोस, शेवटचं वर्ष बघ. पाच वर्षं उत्तम असलेली आणि गेल्या सहा महिन्यांत 'अजून पैसे नाहीत' असे तीन शेरे असलेली एजन्सी टाळायची. आणि पहिलं काम छोटंच घे, कितीही मोठं देऊ केलं तरी. त्याचे पैसे आले की मग दुसरं.

अपवर्कचं गणित एकदा कागदावर करून बघ, म्हणजे मी थांब का म्हणते ते कळेल. तिथे प्रस्ताव पाठवायला कनेक्ट लागतात, एक कनेक्ट 15 सेंटचा. एका कामाला बारा कनेक्ट लागले असं धर, म्हणजे 1 डॉलर 80 सेंट. अनुभव नसलेल्या खात्याला पंधरा प्रस्तावांत एक काम मिळालं असं धर. झाले 27 डॉलर. काम 60 डॉलरचं. त्यातून संकेतस्थळाचा हिस्सा जातो. 2025 पासून तो करारागणिक शून्य ते पंधरा टक्के असतो, आपण दहा धरू, म्हणजे 6 डॉलर. हातात उरले 27. अर्धी कमाई काम शोधण्यातच गेली. फायवरवर प्रस्तावाचा खर्च नाही, तू दुकान मांडून बसायचं. पण 60 तले 12 डॉलर त्यांचे, म्हणजे सरळ वीस टक्के, आणि काम संपल्यावर पैसे मोकळे व्हायला साधारण चौदा दिवस. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. गिऱ्हाइकाला शोधात काय लिहावं लागतं ते बघ. 'मराठी ट्रान्सलेशन' लिहिलं की शेकड्याने दुकानं येतात, आणि वाचता न येणारा माणूस निवडणार कशावर? दरावर. तुझी शिकलेली भाषा तिथे कुणाला दिसतच नाही.

या बाजारपेठांचा एक गुण मात्र खरा आहे. ठरीव रकमेच्या कामात अपवर्कवर गिऱ्हाइकाचे पैसे आधीच जमा होऊन राहतात. बुडण्याची भीती बरीच कमी. म्हणून चार महिन्यांनी, तुझ्याजवळ दोन-तीन एजन्सींची नावं आणि तपासून आलेलं काम असेल तेव्हा तिथे जा, आणि फक्त अशाच मागण्यांना उत्तर दे ज्यांत गिऱ्हाइकाने लिपी, विषय, शब्दसंख्या लिहिली आहे. ज्याला काय हवं ते सांगता येतं, तो दर बघून उडी मारत नाही.

आता आईचं म्हणणं. मी ते मुळीच बाजूला सारत नाही, कारण एखाद्या कंपनीत कुणी पगारदार भाषांतरकार म्हणून वर्षभर बसला तर तो जे शिकतो ते एकट्याने तीन वर्षांत शिकता येत नाही. नौकरी, लिंक्डइन, इंटर्नशाला इथे 'गोवा' निवडलंस तर हॉटेलचं फ्रंट ऑफिस, वेर्ण्याच्या औषध कंपन्या आणि जमीन-फ्लॅट विकणाऱ्यांच्या जाहिराती येत राहतील. जागेच्या रकान्यात 'रिमोट' लाव आणि नुसतं 'ट्रान्सलेटर' शोधू नकोस. कंपन्या हेच काम 'लँग्वेज लीड', 'लिंग्विस्ट', 'लोकलायझेशन', 'कंटेंट रिव्ह्यूअर' अशा नावांनी मागतात. चारही शब्दांना 'मराठी' जोडून सूचना लावून ठेव, आणि सोमवारी सकाळी एकदाच बघ. चांगली जाहिरात पहिल्या दोन दिवसांत अर्जांनी भरते, जुन्या जाहिरातींवर वेळ घालवू नकोस. कुठल्याही क्षणी जिथे तपासनीस आहे अशी पूर्ण वेळ जागा मिळाली, तर प्रोझ बाजूला ठेवून ती घे.

फसवणुकीची रूपं तिन्हीकडे वेगळी असतात. नोकरीच्या जाहिरातींत नोंदणीचे किंवा अनामत म्हणून पैसे मागतात. दुसरा एक प्रकार आणखी वाईट: पानं टाइप करण्याचं किंवा भाषांतराचं काम देतात, करारावर सही घेतात, मग 'चुका जास्त आहेत, दंड भरा' म्हणून वकिलाच्या नावाने धमकावतात. अशा नोटिशीला घाबरून एक रुपयाही देऊ नकोस, 1930 वर तक्रार कर. बाजारपेठेवर फसवणारा पहिल्याच निरोपात टेलिग्रामवर बोलावतो, तिथेच संभाषण सोडून दे. भाषांतरकारांच्या संकेतस्थळांवर चोरी होते ती परिचयपत्राची. तुझं पत्र उचलून त्यावर स्वतःचा मेल पत्ता घालतात, तुझ्या नावावर काम घेतात आणि बिघडवतात. म्हणून परिचयपत्र वर्ड फाइलमध्ये देऊ नकोस. पीडीएफ दे, त्यात प्रोझच्या प्रोफाइलचा दुवा घाल, म्हणजे कुणालाही ताडून बघता येईल. आणि एजन्सीचं नाव मोठं पण मेल जीमेलवरून, असं दिसलं की त्या एजन्सीच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहून खात्री करून घे.

तू म्हणालीस कुठेच हलत नाही. कुठे अडलंय ते असं ओळखायचं. प्रोझच्या यादीतून ब्लू बोर्डवर चांगलं नाव असलेल्या तीस एजन्सींना लिही, प्रत्येकीला वेगळं, पाच ओळींत. एवढ्यासाठी ब्लू बोर्डची सरासरी फुकटात दिसली तरी पुरे. तीस पत्रांवर एकही चाचणी आली नाही तर दोष शीर्षकाच्या ओळीत किंवा नमुन्यांत आहे, भाषेत नाही. चाचण्या आल्या आणि पुढे शांतता, तर भाषेत किंवा दरात. तेव्हा निःसंकोच विचार, 'चाचणीतल्या चुका कळवाल का?' दहांतल्या दोघी-तिघी तरी कळवतात. आणि चाचणी पास, यादीत नाव, तरी काम नाही, तर तू दिसत नाहीस. महिन्यातून एकदा दोन ओळी लिही: या महिन्यात रोज इतके शब्द करू शकते, अमुक तारखांना उपलब्ध नाही. चवथीचे दिवस त्यात आधीच घाल, नाहीतर नेमकं मोदक वळत असताना चार हजार शब्द येऊन पडतात, आणि पहिल्याच कामाला नाही म्हणायची पाळी येते.

ती तीस पत्रं एका दिवसात पाठवू नकोस. रोज तीन, दहा दिवस. पहिल्या तीनांना काय उत्तर येतं ते बघून चौथ्यात बदल करता येतो.